बासन वर, कडी उघडी: एका विसरलेल्या शॉटचं प्रकरण

हे प्रकरण कल्पित आहे. फिल्म, माणसं, क्लिपचे नंबर, सगळं कथेतलं. पण ते ज्या क्रमाने घडतं तो एडिट रूममध्ये काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून ते टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

फिल्म २४ मिनिटांची. कोकणातलं एक जुनं घर, त्यात एकटी राहणारी आई. मुंबईहून मुलगा दोन दिवसांसाठी येतो. घर विकायचं त्याने मनाशी ठरवलंय, पण आईला सांगायची हिंमत होत नाही. जेवणं झाल्यावर तो ओटीवर जाऊन दलालाशी दबक्या आवाजात फोनवर बोलतो. मध्यरात्री माजघरातल्या लोखंडी पेटीतून घराचे कागद शोधून काढतो. सकाळी आईच्या हातात ते कागद बघून तो गप्प होतो आणि आई सही करते.

दिग्दर्शकाला सांगायचं होतं की आईने निर्णय आधीच घेतलेला आहे आणि मुलगा जे चोरून नेतोय असं समजतो ते खरं तर त्याला दिलं गेलंय. पडद्यावर मात्र हे पोचत नव्हतं. कट दाखवला की बघणारे म्हणत, बिचारी आई, आणि काय नालायक पोरगा. म्हणजे अर्धी फिल्म उलटीच वाचली जात होती.

उपाय करून झाले होते. शूट झालेल्या साहित्यात आई शेजारणीला सांगते, "विकू दे त्याला, मी अडवणार नाही," असा एक प्रसंग होता. तो १ मिनिट ५० सेकंदांचा प्रसंग पहिल्या कटमध्ये होता, नंतर काढला, नवव्या आवृत्तीत परत घातला आणि पुन्हा काढला. अडचण अभिनयाची नव्हती. आई एकदा तोंडाने बोलून गेली की पुढच्या जेवणाच्या प्रसंगात बघायला काही उरत नव्हतं. मग जेवताना आईचा क्लोजअप लांबवून पाहिला, म्हणजे तिच्या मनात काहीतरी चाललंय एवढं तरी कळेल. ते कळलं, पण लोकांनी त्याला दुःख समजलं, कारण शेवटी सही करताना ती रडते. प्रेक्षक शेवटच्या अश्रूंवरून मागचा सगळा चेहरा पुन्हा वाचतो. क्लोजअप कितीही लांबवला तरी तो अर्थ बदलत नाही.

`cut_v14` या आवृत्तीपर्यंत फिल्म अशी अडकली होती. पिक्चर लॉक दोन दिवसांवर होतं. लॉक म्हणजे त्यानंतर चित्राची लांबी एका फ्रेमनेही बदलायची नाही, कारण साउंड आणि संगीताची माणसं त्याच लांबीवर काम सुरू करतात.

रात्रीचा शोध

रात्री पावणेदोनला एडिटर वेगळंच काहीतरी शोधत होती. मध्यरात्रीच्या प्रसंगात मुलगा पेटीत हात घालून उचकापाचक करतो, त्या दोन टेकच्या मध्ये साडीची घडी अचानक बदलत होती. ती उडी झाकायला पेटीचा एखादा स्वतंत्र शॉट मिळाला तर हवा होता. असिस्टंटने लावलेल्या प्रसंगवार बिनमध्ये, म्हणजे क्लिप ठेवायच्या फोल्डरमध्ये, तसा शॉट नव्हता. म्हणून तिने कॅमेरा शीट घेतली आणि त्या संध्याकाळच्या कार्डावरच्या क्लिप क्रमाने तपासू लागली. जेवणाच्या प्रसंगाची शेवटची क्लिप `A004C010`. मध्यरात्रीच्या प्रसंगाची पहिली क्लिप `A004C012`. मधली ११ नंबरची क्लिप कुठल्याच प्रसंगाच्या बिनमध्ये नव्हती.

कॅमेरा क्लिपचा नंबर स्वतःहून वाढवत जातो, तो मध्येच गाळत नाही. नंबर गायब असेल तर सहसा दोन शक्यता: क्लिप कार्डावरून उतरवताना राहिली, किंवा उतरवली पण भलत्या जागी गेली. इथे दुसरी गोष्ट घडली होती. सिंक करताना सॉफ्टवेअर चित्र आणि वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा टाइमकोड जुळवतं, आणि ज्या चित्राला आवाज सापडत नाही ती क्लिप वगळून टाकतं. असिस्टंटने अशा सगळ्या क्लिप `NO_SYNC` नावाच्या बिनमध्ये ठेवल्या होत्या. त्यात चुकून चालू राहिलेला कॅमेरा, जमिनीचे शॉट, रंगांची पट्टी असा ऐवज असतो, त्यामुळे तो बिन सहसा कोणी उघडत नाही. क्लॅप नसल्याने ११ नंबरला ना प्रसंगाचा नंबर होता ना टेकचा. कॅमेरा शीटवर तिच्यापुढे फक्त लिहिलं होतं, "फोकस टेस्ट".

क्लिप ४१ सेकंदांची होती, आवाज नाही. मध्यरात्रीच्या प्रसंगासाठी कॅमेरा आणि लाइट लागत होते. मुलाचं काम करणारा नट कपडे बदलायला गेला होता, म्हणून फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला अंतराच्या खुणा घेता याव्यात यासाठी आईचं काम करणाऱ्या नटीला पेटीपाशी बसवलं होतं. सुरुवातीला टेप धरलेला एक हात फ्रेममध्ये येतो आणि निघून जातो. ती नुसती बसून असते. मग बहुधा कोणीतरी तिला काहीतरी करायला सांगतं. ती पेटीचं झाकण उघडते. आर्टवाल्यांनी कागदांचं लाल फडक्यात बांधलेलं बासन दोन साड्यांच्या खाली ठेवलेलं असतं, मुलाला शोधावं लागावं म्हणून. ती ते खालून काढते, क्षणभर हातात धरते आणि साड्यांच्या वर ठेवते. त्यावरून एकदा तळवा फिरवते. झाकण लावते, कडी लावत नाही. मग कॅमेऱ्याकडे वळून बघते आणि ओठ हलवून काहीतरी विचारते.

हाताला काम हवं म्हणून तिने हे केलं असणार. पण दिग्दर्शकाला जे २४ मिनिटांत सांगता येत नव्हतं, ते त्या नऊ सेकंदांत होतं: आईने बासन वर काढून ठेवलंय, मुलाला सापडावं म्हणून.

एडिटरने यानंतर कंटिन्युइटी शीट उघडली, आणि सगळ्या प्रकरणाला वळण मिळालं ते तिथे. नुसता शॉट सापडून भागणार नव्हतं. आईने बासन वर ठेवलं आणि पुढच्याच प्रसंगात मुलगा तेच बासन साड्यांच्या तळातून काढतोय, हे जुळलंच नसतं. पण शीटवर मुलाच्या प्रसंगाच्या पहिल्या टेकपुढे नोंद होती: "एनजी. बासन वर. कडी उघडी. प्रॉप रीसेट." एनजी म्हणजे 'नो गुड', टेक बाद.

टेस्टनंतर पेटी कोणी पूर्ववत केली नव्हती. नट येऊन बसला, कॅमेरा सुरू झाला, आणि त्याने कडीकडे हात नेला तर कडी उघडीच. झाकण उचललं तर बासन समोरच. `A004C012` मध्ये हे सगळं आहे. त्याचा हात कडीपाशी अडखळतो. झाकण उघडल्यावर तो तसाच थांबतो आणि बासनाकडे बघत राहतो, कारण आता काय करायचं हे त्याला खरंच समजत नाही. हा थांबा ५२ फ्रेमचा आहे, म्हणजे दोन सेकंदांहून थोडा जास्त. मग तो उजवीकडे युनिटकडे बघतो आणि टेक थांबवला जातो. सेटवर हा टेक वाया गेलेला होता. आईचा शॉट आधी बघितलेल्या माणसाला मात्र त्या थांब्यात एकच गोष्ट दिसते: आईला माहीत आहे, हे मुलाला आत्ता कळलं.

एनजी हा शेरा त्या दिवशीच्या पटकथेच्या संदर्भात दिलेला असतो, आणि एडिटमध्ये कथा सरकली की तो शेरा आपोआप लागू राहत नाही. याचं नोंदलेलं उदाहरण फ्रान्सिस फोर्ड कोपोलांच्या 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) या चित्रपटाचं आहे. चोरून ऐकलेल्या संभाषणातल्या एका वाक्याच्या एका टेकमध्ये नटाने जोर भलत्या शब्दावर दिला होता. त्या चित्रपटाचे एडिटर वॉल्टर मर्च यांनी तो टेक चुकीचा म्हणून बाजूला ठेवला. पुढे शेवटच्या मिक्सिंगच्या वेळी त्यांनी तोच चित्रपटाच्या अखेरीस वापरला, कारण "तो आपल्याला मारेल" ही भीती "तो 'आपल्याला' मारेल, मग आपणच त्याला" या अर्थाकडे वळवायला तोच जोर हवा होता.

शॉट कुठे ठेवायचा

तिने `cut_v14` ला हात लावला नाही. त्याची प्रत काढून `cut_v15` केली आणि त्यात काम सुरू केलं. रात्री दोनला सापडलेली गोष्ट सकाळी दहाला तेवढीच चांगली वाटेल याची खात्री नसते, आणि मागे फिरायची वाट शाबूत हवी.

जागा तीन होत्या. पहिली, मुलगा घरी यायच्या आधी. तिथे शॉट ठेवला तर जेवणाचा प्रसंग ताणलेला होईल, कारण आईला ठाऊक आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल. करून पाहिल्यावर अडचण दिसली. तोवर घर विकण्याचा विषयच निघालेला नसतो, त्यामुळे लाल बासन म्हणजे नुसतं एक गाठोडं. बारा मिनिटांनी ते पुन्हा दिसतं तेव्हा प्रेक्षकाला आठवत नाही.

दुसरी जागा, अगदी शेवटी: मुलाने कागद घेतले, सकाळ झाली, आई सही करते आणि मग मागे जाऊन दाखवायचं की रात्री तिनेच ते वर ठेवले होते. ही जागा मोह पाडणारी होती. धक्का बसतो. पण धक्का बसेपर्यंत प्रेक्षकाने मुलाला चोर ठरवलेलं असतं, आणि पेटीपाशी तो जो थांबतो त्याचा अर्थ त्या वेळी कोणालाच लागत नाही. नंतर कळून उपयोग नाही, कारण तो थांबा निघून गेलेला असतो.

तिसरी जागा म्हणजे ओटीवरच्या फोननंतर आणि मुलाच्या शोधाआधी. कागद हवेत हे प्रेक्षकाने नुकतंच ऐकलेलं असतं. फोनच्या प्रसंगात मागे स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो आणि मध्येच थांबतो; साउंड रेकॉर्डिंगमध्ये ते आधीपासून होतं. त्यानंतर आई पेटीपाशी. आता बासन काय आहे ते सांगावं लागत नाही. साडीही जेवणातलीच, कारण टेस्ट जेवणाच्या प्रसंगानंतर लगेच झाली होती. हीच जागा पक्की झाली.

आईचा आणि मुलाचा, दोन्ही शॉट त्याच चौकटीत, त्याच लेन्सवर होते, आणि त्यातून एक नवी अडचण निघाली. आईच्या शॉटवरून थेट मुलाच्या शॉटवर कट मारला तर आईचा मुलगा झाल्यासारखी उडी दिसते. मध्ये वेळ जायला हवा. घराच्या बाहेरून घेतलेला, खिडकीतला दिवा मालवतानाचा पाच सेकंदांचा शॉट तिथे घातला. त्यानंतर तीच चौकट परत आली की ती जाणवते, पण खटकत नाही.

फ्रेमच्या पातळीवर

४१ सेकंदांपैकी वापरण्याजोगे नऊ सेकंद, २४ फ्रेमच्या वेगाने २१६ फ्रेम. त्यातही साधारण सेकंदभर फोकस गेलेला, कारण फोकस पुलर त्याच वेळी खुणा शोधत होता. सकाळी आलेल्या असिस्टंटने सुचवलं, "ताई, तेवढ्या भागावर मुलगा अंथरुणात जागा आहे तो शॉट टाकूया ना."

करून पाहिलं. फोकसची अडचण झाकली गेली, पण कथा मोडली. आई पेटी उघडते, मुलगा अंधारात डोळे उघडे ठेवून पडलाय, आई पेटी लावते, असं लागोपाठ पाहिलं की मुलाने झाकणाचा आवाज ऐकला असाच अर्थ निघतो. मग त्याला आधीच ठाऊक आहे, आणि पेटीपाशी त्याचं थांबणं खोटं पडतं. दोन शॉट शेजारी ठेवले की त्यांच्यात नसलेलं नातं प्रेक्षक जोडतो, हे सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. इथे ते नातं नेमकं नको होतं. म्हणून शॉट अखंड ठेवला, फोकस गेलेल्या भागासकट. त्या वेळी नजर तिच्या हातांवर असते आणि हात हलत असतात, त्यामुळे तो दोष फारसा दिसत नाही.

मुलाच्या टेकमध्ये कट कुठे मारायचा हे जास्त अवघड होतं. थांबा ५२ फ्रेमचा असला तरी डोळे ४४व्या फ्रेमपासून युनिटकडे सरकू लागतात. पूर्ण वेगाने बघताना ते दिसत नाही, पण जाणवतं: माणूस विचार करत नाहीये, कोणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. कट ४०व्या फ्रेमवर मारला.

या टेकमध्ये तो बासनाला हात लावतच नाही. गाठ सोडणारे हात तिसऱ्या टेकच्या क्लोजअपमधून घ्यावे लागले, आणि त्यात कडेला उचकलेल्या साड्या दिसत होत्या. शूट फोर-के, फिल्म तयार होणार टू-केमध्ये, त्यामुळे चित्र सव्वापट मोठं करून साड्या फ्रेमबाहेर काढल्या तरी ते फुटलं नाही. उचकापाचकीचा ३८ सेकंदांचा जुना भाग पूर्ण निघाला आणि त्याच्या जागी १४ सेकंद आले. ज्या साडीच्या घडीसाठी रात्री शोध सुरू झाला होता, ती अडचणच राहिली नाही.

दिग्दर्शकाला दाखवताना

नुसती क्लिप तिने पाठवली नाही. सुटी क्लिप बघितली तर फोकस टेस्टच दिसते, आणि माणूस एकदा "ही तर टेस्ट आहे" असं म्हणाला की मग ती विसरून बघू शकत नाही. काही न सांगता पूर्ण फिल्म लावली. दिग्दर्शकांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही."

"नाही सर. पण तुम्ही मला पहिल्या दिवशी जे सांगितलं होतंत ते हेच."

मग दोघांनी शेवटचा प्रसंग उघडला. तिथे आई सही करताना म्हणते, "मला विचारायचं तरी होतंस रे." एडिटरने हे वाक्य आणि रडण्याचा क्लोजअप दोन्ही काढलं होतं. तिचं म्हणणं असं की बासन स्वतः वर ठेवणारी बाई असं विचारणार नाही. दिग्दर्शकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "वाक्य परत घाल. तिने दिलं म्हणून तिला लागलं नाही असं थोडंच आहे?" वाक्य परत आलं आणि त्यांचं बरोबर होतं. पूर्वी ते वाक्य फसवल्या गेलेल्या बाईची तक्रार होतं. आता ते अशा बाईचं आहे जिची हरकत घर विकण्याला नाही, न विचारण्याला आहे. रडण्याचा क्लोजअप मात्र बाहेरच राहिला. त्याऐवजी दुसऱ्या टेकचा मिड शॉट घेतला, ज्यात ती हेच वाक्य कागदावरची नजर न काढता, कोरड्या आवाजात म्हणते. फिल्मची लांबी या सगळ्यात जेमतेम १५ सेकंदांनी कमी झाली.

त्याच दुपारी दिग्दर्शकांनी नटीला फोन केला. ती ते काम कॅमेरा आपलं चित्रण करतोय असं समजून करत नव्हती, त्यामुळे वापरण्याआधी तिला विचारणं भागच होतं. तिने शॉट पाहायला मागितला आणि होकार दिला.

पुढची कामं आणि एक दुरुस्ती

क्लिप मुळात आवाजाविना असल्याने सगळा आवाज नव्याने बसवावा लागला: बिजागरीची करकर, साडीची सळसळ, फडक्यावरून फिरणारा तळवा. खालचा थर म्हणून मध्यरात्रीच्या प्रसंगाचा रूमटोन, म्हणजे त्या जागेचा शांततेतला आवाज, वापरला, रातकिड्यांसकट, कारण जागा आणि वेळ तीच. झाकण लागल्यावर कडीचा आवाज येत नाही हे कानाला कळायला हवं होतं. म्हणून मुलाच्या पहिल्या दिवशीच्या एका प्रसंगात, आई पेटीतून चादर काढते तिथे, कडी लागल्याचा खणखणीत आवाज वाढवला. आधी ऐकलेला आवाज पुढे नसला तरच त्याचं नसणं ऐकू येतं.

चित्रात टेस्टच्या वेळी मागचा एक लाइट अजून लागलेला नव्हता. शॉट अर्ध्या स्टॉपने काळा होता आणि उजळला की अंधाऱ्या भागात ग्रेन वर येत होता. कलरिस्टने तो फारसा न उजळता मुलाचाच शॉट किंचित खाली आणला. मूळ फाइल आहे ना, हे मात्र लॉकच्या आधीच तपासलं होतं. एडिट प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या प्रतींवर, होतं आणि प्रॉक्सी असली म्हणजे मूळ फाइल बॅकअपमध्ये असतेच असं नाही. काही ठिकाणी जागा वाचवायला फक्त ओके टेक जपून ठेवतात. इथे पूर्ण कार्डाची प्रत होती, क्लिपचं नाव आणि टाइमकोड दोन्हीकडे सारखे, त्यामुळे जोडणी बिनतक्रार झाली.

लॉकच्या आदल्या संध्याकाळी फिल्म न पाहिलेल्या सहा जणांना ती दाखवली. आवडली का, असं विचारलं नाही. एकच प्रश्न होता: आईला कधी कळलं? पाच जणांनी फोनचा किंवा पेटीचा प्रसंग सांगितला. सहावी व्यक्ती म्हणाली, सकाळी, मुलाने सांगितल्यावर. तिच्याशी बोलल्यावर कळलं की आईने वर ठेवलेलं आणि मुलाला दिसलेलं बासन एकच आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आई बासन वर ठेवून लगेच झाकण लावते आणि मध्ये तळवा येतो, त्यामुळे लाल फडकं पुरेसा वेळ उघडं दिसतच नव्हतं. आईच्या शॉटमध्ये वाढवायला जागा नव्हती, तो जसा घडला तसाच होता. म्हणून मुलाच्या बाजूने झाकण उघडल्यानंतरचा, टॉर्चचा उजेड लाल फडक्यावर पडलेला भाग स्लो करून १२ फ्रेमने लांबवला. टॉर्च आणि हात तिथे जवळजवळ स्थिर होते, त्यामुळे वेग बदलल्याचं दिसलं नाही. त्याच आवृत्तीवर लॉक झालं.

असिस्टंटच्या कामात एक पायरी वाढली. सिंक झाल्यावर प्रत्येक कार्डाच्या क्लिप नंबराच्या क्रमाने लावायच्या, जिथे नंबर तुटेल तिथे ती क्लिप कुठे गेली ते शोधायचं, आणि `NO_SYNC` मधल्या प्रत्येक क्लिपला तिच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रसंगाचा नंबर देऊन तिची प्रत त्या प्रसंगाच्या बिनमध्येही ठेवायची. एका कार्डाला यासाठी साधारण वीस मिनिटं लागतात. क्लिप पूर्ण बघावी लागते, पहिल्या फ्रेमवरून ठरवता येत नाही. ११ नंबरच्या पहिल्या फ्रेममध्ये टेप धरलेल्या हाताखेरीज काही नव्हतं.